अर्थ नसलेले शब्द

जैनुद्दीन बागवान चपला न काढताच आत आला. मागं त्याची बायको दिलशाद, आणि तिच्या ओढणीला धरून मिस्बाह. पोरगी दहा वर्षांची, मराठी शाळेत चौथीला.

"मॅडम, चार महिनं तुमच्याकडं पाठवली," जैनुद्दीन म्हणाला. "म आनि भ, घ आनि ध. तेवढंच चाललं हुतं. त्या नव्या क्लासात दीड महिन्यात धडा वाचती. आज ऐकाच."

सांगलीत विश्रामबागेत अपूर्वा डिस्लेक्सियाच्या मुलांना वाचायला शिकवायची. दोन महिन्यांपूर्वी या माणसानं काही न सांगता मुलीला काढून नेलं होतं. आज तो कशासाठी आला, हे तिला लगेच कळलं. दिलशादला मुलगी परत इथं पाठवायची होती. घरातलं भांडण त्याला इथं मिटवायचं होतं.

"वाच गं," तो म्हणाला.

मिस्बाहनं पुस्तक उघडलं आणि धडा घडाघडा म्हटला. कुठं अडखळली नाही. जैनुद्दीननं बायकोकडं पाहिलं.

अपूर्वाचा संताप झाला. तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता?"

मिस्बाह ओठ हलवत पहिल्या ओळीपासून मनात म्हणत त्या शब्दापर्यंत यायला लागली. अपूर्वानं वरची ओळ हातानं झाकली. मग फळ्यावर लिहिलं: घोमा. भिटू.

"घोडा," मिस्बाह म्हणाली. "भिंत."

"ह्या शब्दांना काय अर्थ तरी हाय का?" जैनुद्दीन ओरडला.

"नाही. म्हणूनच लिहिले. पाठ करता येत नाहीत. एकेक आवाज ओळखून जोडावाच लागतो. ही पहिलं अक्षर बघते आणि अंदाज करते. तिला वाचता येत नाही, जैनुद्दीनभाई. धडा पाठ आहे."

मिस्बाहनं खडू उचलून फळ्यावर फेकला. "मी परत कुणापुढं वाचनार न्हाई! कवाच न्हाई!" ती रडत जिना उतरली.

"झालं समाधान?" जैनुद्दीन म्हणाला आणि तिच्या मागं धावला.

दिलशाद दारात थांबली. "तुमचं बरोबर हाय, मॅडम. पन पोरीला उघडं पाडलंत."

अपूर्वानं फळ्यावरचे दोन्ही शब्द पुसून टाकले.

पुढच्या महिन्यात दिलशाद एकटीच मुलीला सिटी बसनं घेऊन आली. नवऱ्यानं अडवलं नव्हतं, पण तो घरात बोलायचा बंद झाला होता.

"त्या दिवशी माझं चुकलं," अपूर्वा मिस्बाहला म्हणाली. मिस्बाहनं भिंतीकडं तोंड केलं.

"किती दिस लागतील?" दिलशादनं विचारलं. "खरं सांगा."

"आठवड्यातून चार दिवस आली तर काही महिन्यांत अक्षरं आणि मात्रा चुकायच्या कमी होतील. नीट वाचायला वर्ष-दोन वर्षं लागतात. आणि वेग शेवटपर्यंत थोडा मागं राहू शकतो. डिस्लेक्सिया जात नाही, वाचन सुधारतं."

सुरुवात मागं जाऊन करावी लागली. शब्द कानानं तोडायचा, बोटांवर एकेक आवाज मोजायचा, मग अक्षरं मांडून पुन्हा जोडायचा. काना, वेलांटी, उकार एकेक करून. आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही. दर पंधरा दिवसांनी अपूर्वा कधी न पाहिलेला, तेवढाच सोपा उतारा द्यायची आणि एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द कागदावर ठिपक्यानं मांडायची. अर्थ नसलेल्या शब्दांची यादी वेगळी, दर वेळी नवी. मिस्बाह दार लावून घ्यायला लावायची, मगच वाचायची.

पहिल्या वेळी मिनिटाला अकरा शब्द आले. मग तेरा, मग पुन्हा अकरा.

"खाली आलं," दिलशाद घाबरली.

"एका ठिपक्यावर काही ठरत नाही. सगळे ठिपके जोडून रेघ कुठं जाते ते बघायचं."

पण दिवाळीनंतर रेघ आडवीच राहिली. तेव्हा मात्र अपूर्वानं पद्धत बदलली. एका वेळी शिकवायच्या गोष्टी कमी केल्या, उजळणी वाढवली. संक्रांतीनंतर रेघ हळूहळू चढली.

वर्ष उलटल्यावर मिस्बाहनं कधी न पाहिलेल्या उताऱ्यातले मिनिटाला अडतीस शब्द बरोबर वाचले. अर्थ नसलेल्या दहा शब्दांत दोनच चुकले. अपूर्वानं तिला रेघ दाखवली.

"वर्गात मीच शेवटची हाय," मिस्बाह म्हणाली. "पोरं हसत्यात."

"हो. अजून मागं आहेस. पण अंदाज करत नाहीस आता."

त्या दिवशी न्यायला जैनुद्दीन आला. तो खालीच स्कूटरवर बसून राहिला. अपूर्वा कागद घेऊन उतरली. तो बराच वेळ ठिपक्यांवर बोट फिरवत राहिला.

"आजून किती?" त्यानं विचारलं.

"वर्षभर तरी. जोडाक्षरं राहिलीत."

"तुमचं ते त्या दिवशीचं मी इसरनार न्हाई, मॅडम."

"विसरू नका," अपूर्वा म्हणाली.

त्यानं कागद परत दिला, मिस्बाहला मागं बसवलं. "सोमवारी किती वाजता आनू?" त्यानं अपूर्वाकडं न बघताच विचारलं.