मी नव्हते त्या विहिरीवर

स्क्रीनवर आपल्या अर्जाचा पहिला परिच्छेद वाचतानाच मोनालीचे कान तापले. सवर्णांच्या विहिरीवर एक बाई कळशी धरून उभी होती, कुणीतरी ती कळशी लाथेनं उडवत होतं, आणि बाईचा पदर धरून एक लहान मुलगी रडत होती. ती लहान मुलगी म्हणजे मोनाली.

"सर, हे मी लिहिलेलं न्हाई."

"मी लिहिलंय," राजानंद सर खुशीत म्हणाले. जालन्यातलं त्यांचं मार्गदर्शन केंद्र परदेशी विद्यापीठांचे अर्ज करून द्यायचं. मोनालीला शिक्षणशास्त्रातलं मास्टर्स करायचं होतं. "अर्जासोबतच्या निवेदनाचा, तुझ्या स्टेटमेंटचा, नुसता बायोडाटा झाला होता. धावड्यात जन्म, मग दहावी, मग बीएस्सी, मग नोकरी. क्रमानं लिहायचं कधी, तर एका पायरीमुळं दुसरी पायरी आली असेल तेव्हा. आपल्या केंद्रातल्या आदिनाथचं बघ. वायरमन होता, कामात अडला म्हणून डिप्लोमा केला, तिथं अडला म्हणून इंजिनिअर झाला. त्याचा क्रम हीच त्याची गोष्ट. तुझं तसं नाही."

इथवर सरांचं बरोबर होतं. मोनालीलाही ते पटलं होतं.

"म्हणून एकच प्रसंग घेतला. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल."

"पण कळशी आईची उडवली. तेव्हा आई बारा वर्षांची होती. मी जन्मलेच नव्हते!"

"कोण तपासायला येणार आहे? आपलं दुःख आपणच जगाला दाखवायचं, बेटा."

तिनं लॅपटॉप जोरात मिटला. शेजारच्या टेबलावरची तृप्ती दचकली. ती नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करत होती.

"तृप्तीचाही एकच प्रसंग आहे," मोनालीचा आवाज चढला. "बाळंतिणीचं रक्त थांबेना, डॉक्टर वाटेत होते, आणि हिला ठरवायचं होतं. काय बघितलं, काय केलं, कुठं चुकली, मंग पुढं काय शिकायचंय, सगळं त्या एका प्रसंगातून निघतं. तुमच्या विहिरीवर मी काय करते? रडते! रडण्यासाठी मला प्रवेश देणार का ते?"

"आवाज खाली."

"न्हाई करणार! मी दोन हंगाम अंकुशनगरला साखर कारखान्यावर ऊसतोड्यांची पोरं शिकवली. राजूरला मुलींची अभ्यासिका चालवली. धावड्यात शाळा सुटलेल्यांचं सर्वेक्षण केलं. ह्यातलं एक अक्षर तुम्ही ठेवलं न्हाई."

"तीन कामं, तीन दिशा. विखुरलंय सगळं. एका सूत्रावर लिहायला गेलीस तर भाषण होईल, नाहीतर यादी."

"सूत्र नसलं तर होईल. माझं हाये. पटावर नाव असलेलं पण वर्गात नसलेलं मूल. तिन्ही ठिकाणी मी त्याच्याच मागं होते."

 सरांचा चेहरा कडक झाला. "मग लिही तुझं तू. केंद्राचं शिफारसपत्र मिळणार नाही."

मोनाली दप्तर उचलून बाहेर पडली. 

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. कौसल्याबाई भाकरी थापता थापता थांबल्या. पीठ लागलेले हात तसेच ठेवून म्हणाल्या, "त्या माणसानं मला इचारलं व्हतं का? ते माझं हाये. मला वाटंल तवा मी सांगीन, न्हाई वाटलं तर न्हाई. त्यानं तुझ्या नावावर कसं घातलं?"

"मीच त्यांना बोलता बोलता सांगितलं, आई."

"तू सांगितलं, म्हून त्यानं इकायला काढलं व्हय?" त्यांनी भाकरी तव्यावर आपटली. "तुझं तू लिही. बिलकुल भिऊ नको."

मोनालीनं लिहिलं. अंकुशनगरच्या गोदावरी नावाच्या मुलीपासून सुरुवात केली. गावच्या शाळेच्या पटावर हजर आणि उसाच्या फडात मोळ्या बांधणारी पोरगी. मग आधी घडलेलं राजूर नंतर घेतलं, कारण दहावीनंतर गळणाऱ्या मुलींनी तो प्रश्न आणखी अवघड केला होता. शेवटी सर्वेक्षण, आणि त्यातून न सुटलेला प्रश्न: गैरहजेरी मोजणारी व्यवस्था त्या गैरहजेरीचं कारण का मोजत नाही? त्यासाठीच तो अभ्यासक्रम हवा होता. प्रत्येक भाग मागच्यापेक्षा पुढं जातो का, एवढंच ती तपासत राहिली. जो भाग नुसती भर घालत होता, तो रागारागानं खोडला. शिफारसपत्र कॉलेजच्या वंदना मॅडमनी दिलं.

मुलाखतीत तिला गोदावरीबद्दलच विचारलं. प्रवेश मिळाला.

आठवड्याभरात तृप्तीनं फोटो पाठवला. केंद्राच्या दारावर बॅनर लागलं होतं, त्यावर मोनालीचा हसरा चेहरा आणि खाली अक्षरं: 'आमच्या मार्गदर्शनाचं यश.'

तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

"अभिनंदन, बेटा!" सर म्हणाले.

"बॅनर काढा."

"अगं, आपल्याच पोरांना प्रेरणा—"

"सर, संध्याकाळपर्यंत काढा. नाहीतर मी आईला घेऊन येते, आणि ती काय बोलेल ते मी थांबवणार न्हाई."

तिनं फोन ठेवला. दुपारी तृप्तीचा निरोप आला: बॅनर उतरलं.

मोनालीचा राग मात्र उतरला नव्हता. ती चपला घालून आईला म्हणाली, "चल, तरीपण जाऊन येऊ. केंद्रात बसलेल्या पोरींना सांगायचंय, आपलं आपणच लिहा म्हणून."