रुखमाच्या तोंडी माझा आवाज

२०१९ साली संघपालनं माझी एटापल्लीची मैत्रीण रुखमा हिच्यावर फिल्म केली. रुखमा गोंडीत बोलली, तेच मी मराठीत बोलले. एकाच फाइलमध्ये दोन्ही आवाज होते; हवा तो निवडून ऐकायचा.

पुढच्या वर्षी रुखमा वारली. तिची लेक मैनी संघपालकडे आली, मीही होते तिथं म्हणून बसले. "भाऊ, मायचा आवाज ऐकव."

पडद्यावर रुखमाचे ओठ हलले आणि आवाज माझा आला.

"गोंडी कुठी गेली?" मैनीनं विचारलं.

"मोबाइलसाठी फाइल लहान केली बाई, तवा फक्त मराठी ठेवली. नवी बरोबर चालली, म्हणून जुनी पुसली. कॅमेऱ्याचे कार्डही पुसले. मराठी तं सगळ्यायले समजते."

"मायनं मले मराठीत कधी हाकच नाई मारली," मैनी म्हणाली.

नव्या फाइलमध्ये गोंडी नव्हतीच, मग निघणार कुठून?

संघपाल आता नागपुरात लग्नांचे व्हिडिओ करतो. मैनी सूरजागडच्या खाणीवर मजुरीला जाते. माझ्याशी बोलत नाही. शाळेत ती फिल्म अजून दाखवतात. रुखमाच्या तोंडून मीच बोलते.