तीन पेपरांचा एक मालक

मित्रांनो, पेपर वाचायचा जुना लाकडी स्टँड म्हणजे मीच. टेंभुर्णीजवळच्या एका लहान गावातल्या वाचनालयात मी उभा आहे. सागवानी आहे, त्यामुळे पाठ अजून ताठ आहे. कोपरं टेकून टेकून लोकांनी माझ्या कडा मात्र गुळगुळीत केल्या. माझ्यावर तीन दैनिकं लागायची आणि चौथं, राजानंद नावाच्या संपादकांचं जाफराबादहून निघणारं साप्ताहिक.

तेव्हा पेपरांचं आपसात पटत नसे. एकानं रस्ता झाला म्हणावं, दुसऱ्यानं खड्ड्यांचा फोटो छापावा. लोक माझ्यापुढे वाद घालत. शेवटी गावानं नियम केला, तीन पेपरांत आलं की खरं मानायचं. नियम ठीक होता, कारण तेव्हा मालकही तीन होते.

पुढे एकाच कंपनीनं तिन्ही दैनिकं विकत घेतली. नावं तीच राहिली. बातम्या शब्दाला शब्द सारख्या येऊ लागल्या, तेव्हा मी म्हटलं, चला, भांडणं मिटली. माझं चुकलंच.

मग गावात नळयोजना आली. वरच्या वस्तीत नळ बसले, पण पाइपच पोचले नाहीत. तिथल्या बेबीनंदाबाई दूरच्या विहिरीवरून हंडे आणत. साप्ताहिकानं त्यांच्या कोरड्या नळाचा फोटो छापला, दैनिकांनी ‘घरोघरी पाणी’ छापलं. पुढच्या आठवड्यात साप्ताहिक आलं नाही. राजानंद ते जिथं छापून घेत, तो छापखानाही त्याच कंपनीचा होता. मशीन रिकामं नाही, असा निरोप मिळाला. पाठोपाठ बदनामीची नोटीस आली.

मार्चमध्ये वाचनालयापुढे ग्रामसभा भरली. काम पूर्ण झाल्याचा ठराव झाला की नळयोजनेचा ठेकेदार सुटणार आणि वस्तीची तक्रार कायमची मिटणार होती. ठेकेदाराच्या माणसानं तिन्ही दैनिकं उंच धरली. लोक माना डोलवू लागले.

ग्रंथपाल खुर्शीदभाईंना पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड. दरवर्षी मार्चमध्ये पेपरांना आपली मालकी आणि एक टक्क्याहून जास्त हिस्सा असणाऱ्यांची नावं छापावी लागत. बारीक अक्षरातला तो मजकूर कुणी वाचत नसे. खुर्शीदभाई उठले.

“हे तीन पेपर न्हाईत, एकच हाय,” ते म्हणाले. “मालक एक. अन् हिस्सेदारात ठेकेदाराचं नाव, बराबर तिन्हीत.”

“मंग चला माझ्या नळापाशी,” बेबीनंदाबाई म्हणाल्या. “छापलेलं पाणी हंड्यात भरून दाखवा.”

सभा उठून वस्तीत गेली. नळातून नुसती हवा आली. ठराव थांबला. दोन महिन्यांत पाइप टाकले गेले आणि पाणी आलं.

ही हकिकत मात्र एकाही पेपरात आली नाही. शेजारच्या गावी त्याच ठेकेदाराचं काम होतं. तिथल्या सभेनं तीच तीन दैनिकं पाहिली आणि हात वर करून ठराव मंजूर केला. तिथल्या बाया अजून हंडे वाहतात. मला याचं फार वाईट वाटतं.

मित्रांनो, बातमीआधी मालकाचं नाव वाचत जा. तुमच्याकडं एखादं लहान साप्ताहिक तग धरून असेल, तर ते विकत घेऊन वाचा. आमचं बंद पडलं. ते चालू असतं, तर शेजारच्या गावाला वेळेत कळलं असतं.