जास्तीचा अडतीस

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात सहा संगणक आहेत. त्यांतले पाच शोभेचे आणि सहावा त्यांचा पुढारी. कक्षाचं वायरिंग बदलायचं काम सहा महिने चालू आहे, म्हणजे कुलूप चालू आहे. अशा परिस्थितीत मी तिथला संगणक शिक्षक. पोहायला शिकवणारा असावा आणि तलाव वाळत टाकलेला असावा, तसा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सोमवारी बोलावून सांगितलं, "संगणकाचा तास गणिताच्या सरांना द्यावा असं म्हणणं आहे. संगणक नाहीत, तर संगणक शिकवणारे तरी कशाला? शुक्रवारी मी वर्गात बसेन. मग ठरवू."

'मग ठरवू' या दोन शब्दांत माझी नोकरी होती. नुकतेच चार महिने झाले होते. घरी मी पहिल्या पगाराचा पंखा आणला होता, आणि आई पाहुण्यांना तो लावून दाखवायची.

माझी आई शिंपी आहे. गुरुवारी संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आई, सात कार्डं हवीत. गळ्यात अडकवता येतील अशी. मोठे आकडे."

तिने बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, कडेला काळी पट्टी शिवली, दोरे ओवले. सकाळी मोजली तर आठ. त्यांत अडतीस दोनदा.

"आई, अडतीस दोनदा आहे."

"पहिल्याची पट्टी वाकडी गेली, म्हणून नीट दुसरं केलं. पहिलं टाकायचं कशाला? शर्टात जास्तीचं बटण लावतो ना, तसं असू दे."

मी ते पिशवीत तसंच ठेवलं. आईशी बटणाच्या विषयावर वाद घालून कोणी जिंकल्याचं आमच्या घरात ऐकिवात नाही.

नववीच्या वर्गात मी बाकं मागे सरकवली. मागच्या आठवड्यात आम्ही आकडे क्रमाने लावायची एक पद्धत करून पाहिली होती: रांगेतला सर्वांत लहान शोधायचा, त्याला पुढे आणायचं, मग उरलेल्यांतला लहान शोधायचा. आज दुसरी. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या. गणिताचे सर दारात उभे राहिले, पुढचा तास आपला आहे याची आठवण करून देत.

"नियम ऐका," मी म्हटलं. "लहान आकडा खिडकीकडे, मोठा दाराकडे जायला हवा. पण संगणकाला पूर्ण रांग एकदम दिसत नाही. त्याला एका वेळी दोघंच दिसतात. म्हणून खिडकीपासून सुरुवात करून शेजारच्या दोघांनी एकमेकांची कार्डं बघायची. दाराकडचा मोठा नसेल तर जागा बदलायच्या. मग पुढची जोडी. दारापर्यंत पोचलं की एक फेरी झाली. ज्या फेरीत एकही अदलाबदल होणार नाही, त्या फेरीनंतर थांबायचं."

सात जण उभे राहिले. तेवढ्यात लेटलतीफ आला. तो त्याच्या नावाला जागतो.

"सर, मी पण."

आठवं कार्ड होतंच. मोठ्या बाईंसमोर मन मोठं दाखवायची संधीही होती. मी ते त्याच्या गळ्यात घातलं. पहिला अडतीस होता खांब, वर्गातला सर्वांत उंच मुलगा. दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, कारण काय हे दोघंही विसरले होते.

फळ्यापाशी खडू घेऊन पहिल्या बाकावरची मुलगी. ती कधी बोलत नाही, म्हणून मी तिला अदलाबदली मोजायला दिल्या होत्या.

खिडकीपासून रांग अशी होती: अडतीस (खांब), बारा, एकाहत्तर, पाच, चौसष्ट, वीस, अडतीस (लेटलतीफ), नऊ.

पहिल्या फेरीत एकाहत्तरवाली पोरगी एकेकाला मागे टाकत थेट दारात, गणिताच्या सरांच्या पोटाशी पोचली. सर अर्धं पाऊल मागे सरले.

"सर, तुमचा आकडा काय?" तिने विचारलं.

"मी रांगेत नाही," सर म्हणाले.

फळ्यावर सहा. दुसऱ्या फेरीत चार, तिसऱ्यात चार, मग दोन, दोन, दोन. सहावी फेरी संपली तेव्हा रांग लागली होती. पाच, नऊ, बारा, वीस, दोन अडतीस, चौसष्ट, एकाहत्तर. मला गहिवरून आलं. आता सातव्या फेरीत शून्य येणार, आम्ही थांबणार, टाळ्या.

सातव्या फेरीत एक आला.

आठवीत एक. नववीत एक. खांब आणि लेटलतीफ शांतपणे एकमेकांभोवती फिरून जागा बदलत होते आणि बाकीचे सहा जण शहाण्यासारखे उभे होते.

"अजून किती?" लेटलतीफने खांबाला विचारलं. वर्षभरातलं हे पहिलं वाक्य.

"सरांना विचार. निवृत्तीपर्यंत, बहुतेक."

दहावीत एक. अकरावीत एक. बाकावरून मोठ्या बाई पाहत होत्या, दारातून सर घड्याळ पाहत होते.

"सर," खडूवाली म्हणाली.

आख्ख्या वर्गाने मान वळवली. मी पण.

"हे थांबणारच नाही. रांग लागलीय. पण अडतीसच्या पलीकडचा अडतीस मोठा नाही ना, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना बदलावंच लागतं. दर फेरीत. नियम चुकलाय. दाराकडचा लहान असेल तरच बदलायचं, असं पाहिजे. सारखे असले तर गप्प उभं राहायचं."

मी नियम दुरुस्त केला. आणखी एक फेरी झाली. खांब आणि लेटलतीफ एकमेकांची कार्डं वाचून जागच्या जागी राहिले. तिने फळ्यावर मोठ्ठं शून्य काढलं. शून्यासाठी इतका आरडाओरडा मी आयुष्यात ऐकला नाही.

घंटा वाजली. मोठ्या बाई पुढे आल्या. "चांगलं होतं. ही चूक तुम्ही मुद्दाम ठेवली होती ना? मुलांनी शोधावी म्हणून?"

'हो' म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं. घरातला पंखा डोळ्यांसमोर फिरत होता. नेमकी ती मुलगी शून्याखाली रेघ ओढत होती.

"नाही बाई. चुकलो. सगळे आकडे वेगळे असतील असं धरलं होतं. पकडलं हिने."

मोठ्या बाईंनी फळ्यावरचे आकडे वाचले. सहा, चार, चार, दोन, दोन, दोन, एक, एक, एक, एक, एक, शून्य.

"परवा ऑफिसातला संगणक असाच गोल गोल फिरत बसला होता," त्या म्हणाल्या. "मी त्याला थोपटत होते. आत दोन मुलं फेऱ्या मारत असतील हे मला कधी कळलं नव्हतं." मग दाराकडे वळून, "सर, तास त्यांच्याकडेच राहू दे."

गणिताचे सर माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता ऐकवणार. ते हळूच म्हणाले, "ते कार्डांचं पुन्हा करणार असाल तर मला उभं करा. रांगेत नाही म्हणून फार वाईट वाटलं."

निघताना मी खडूवालीला म्हटलं, "थँक यू."

"तो जास्तीचा नसता तर कळलंच नसतं, सर," ती म्हणाली, आणि पुन्हा गप्प झाली. बहुतेक वर्षाचा कोटा संपला.

घरी गेलो तेव्हा आई मशीनवर होती. मी वाकडी पट्टी असलेलं कार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

"पुढच्या शुक्रवारी किती हवीत?" तिने विचारलं.

"नऊ. गणिताचे सर पण आहेत."

"मग दहा करते," आई म्हणाली. तिने मशीन पुन्हा सुरू केलं, आणि मी उठून पंखा तिच्याकडे वळवला.