शंभर टक्के सुती

जानकी गेली ते मला लूमवर कळलं. चालू लूमच्या आवाजात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. शेजारच्या लूमवरच्या पंढरीने माझ्यासमोरच्या कापडावर खडूने लिहिलं, ‘घरी जा.’ मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. मी हात पुसून कामतघरहून चालत घरी आलो. दारात चपला खूप होत्या.

हे जानेवारी २००८ मधलं. मी भिवंडीत लूमवर, म्हणजे विजेच्या मागांवर, जॉबर आहे. माग दुरुस्त करतो, बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवतो. जानकी, माझी बायको, गोधड्या शिवायची. लूमवरचे डाग पडलेले, कडा फाटलेले तुकडे मी आणायचो. ती ते धुवायची, मग टाके घालायची. सुनेने, क्षितिजाने, तिला इंटरनेटवरच्या एका बाजारात खातं उघडून दिलं होतं. क्षितिजा काल्हेरच्या गोदामात कॉम्प्युटरवर काम करते. दीड वर्षात अकरा गोधड्या गेल्या. घेणाऱ्यांनी खाली चार शब्द लिहिले होते. नाशिकच्या एका बाईने लिहिलं होतं, ‘जानकीताई, बाळ यातच झोपतं.’ त्या खात्यावर जानकीचं नाव होतं आणि ही अकरा माणसं होती. मला तेवढंच वाचायला उरलं होतं.

ती गेल्यावर चौदा गोधड्या घरात राहिल्या. त्या विकायला लावू म्हणून फेब्रुवारीत क्षितिजाने जुनाच मजकूर पुन्हा टाकला. दोन दिवसांनी तो नाकारल्याचा मेल आला.

“का नाकारला?”

“‘नंबर वन’, ‘सर्वोत्तम’ असले शब्द चालत नाहीत म्हणतात, बाबा. नवीन वर्षापासून तपासतायत सगळं.”

“तिच्या वेळी चालत होते ना? ती गेली आणि नियम आले?”

क्षितिजाने ते शब्द काढले आणि पुन्हा पाठवलं. पुन्हा नाकारलं. या वेळी मेलमध्ये लिहिलं होतं : पुराव्याशिवाय दावा, आरोग्यविषयक दावा, वापरायला मनाई असलेला शब्द. नेमका कुठला शब्द ते लिहिलेलं नव्हतं. शेवटी एक ओळ होती, तिसऱ्यांदा नाकारलं तर खातं बंद होईल.

खातं बंद म्हणजे जानकीचं नाव गेलं, अकरा माणसं गेली.

मला संशय आला. बाजारवाल्यांचा आला, शब्द का सांगत नाहीत? क्षितिजाचाही आला. ती फोनवर हळू बोलायची. मी खोलीत गेलो की पडद्यावरचं पान बदलायची. मला वाटलं, हिला स्वतःच्या नावाने खातं काढायचं असेल, म्हणून हे बंद पडू देतेय.

शुक्रवारी लूम बंद असतात. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

“एकेक शब्द वाच.”

“‘हँडलूम गोधडी.’”

“हँडलूम? हातमाग कुठाय भिवंडीत? आमचे लूम विजेवर चालतात.”

“आई ‘हातची गोधडी’ म्हणायच्या. मी हँडलूम टाकलं.” ती ओशाळली. “हातमाग म्हणायचं तर सर्टिफिकेट लागतं बहुतेक.”

“हातची म्हणजे हाताने शिवलेली गं! एवढं कळत न्हाय? हीच चूक. दुसरं?”

“‘बाळाच्या अंगाला पुरळ येत नाही.’”

“ते काढ. डॉक्टर आहोत का आपण? पुढे?”

“‘शंभर टक्के सुती.’”

“ते राहू दे. सुतीला कसला पुरावा?”

“प्रयोगशाळेचा कागद मागतात, बाबा. तेही काढते.” तिचा हात लगेच माऊसवर गेला.

घाई माझ्या लक्षात आली. “थांब. जानकीने लिहून दिलेला कागद कुठाय? वहीतला?”

“हरवला.”

“खोटं बोलतेस.”

“बाबा, एक शब्द काढला तर काय बिघडतं?”

“तिचा शब्द आहे तो! तू तिचा एकेक शब्द पुसतेयस. उद्या नाव पुसशील.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती चिडलेली होती. “ठीक आहे. मग कापड दाखवा. सुती आहे का ते तुम्हीच सांगा. जॉबर आहात ना?”

मी काडेपेटी आणली. तिला दाखवून द्यायचं होतं. वरच्या गोधडीतून एक धागा ओढला आणि पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, राख होते, नुसती फुंकर घातली तरी उडते. हा धागा आक्रसला. टोकाला काळा, कडक मणी झाला. दुसऱ्या गोधडीचा धागा घेतला, तोच मणी. तिसऱ्या गोधडीच्या धाग्याची मात्र राख झाली, पण ती गोधडी जुनी होती.

मला तो मणी ओळखीचा होता. मागच्या गणपतीनंतर शेठने ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत बदललं. पॉलिस्टर मिसळलेलं सूत आलं. तो बीम मीच चढवला होता. त्या आठवड्यात जानकीने विचारलं होतं, “कापड तेच ना?” मी जेवत होतो. मी म्हणालो, “हो, सुतीच आहे.” खरं सांगितलं असतं तर तिने तुकडे घेतले नसते, दुसरीकडून विकत आणले असते. मला ती कटकट नको होती.

“कागद दे,” मी म्हणालो.

क्षितिजाने कॉम्प्युटरखालच्या खणातून वहीचं पान काढलं. जानकीचं अक्षर मोठं, ओळीच्या वर जाणारं.

‘शंभर टक्के सुती लिही. हे म्हणतात सुती आहे. धुतलं की सुतीसारखं आवळत नाही, म्हणून मला तसं वाटत नाही. पण ह्यांनी सांगितलं म्हणजे असेल.’

मी ते दोनदा वाचलं. तिने आयुष्यात माझं नाव घेतलं नाही, तिथेही नाही.

“मला हे तुम्हाला दाखवायचं नव्हतं,” क्षितिजा म्हणाली. “मी फोन करत होते ते मैत्रिणीला. कापड तपासायला ठाण्यात कुठे देतात ते विचारायला. कॉम्प्युटरवरही तेच शोधत होते. आईंचं लिहिलेलं खरं निघालं असतं तर ठेवलं असतं.”

मी म्हणालो, “लिही.”

मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. ‘गोधडी. पॉवरलूमचं कापड, कापूस आणि पॉलिस्टर मिश्र. काही तुकड्यांना विणताना पडलेले डाग आहेत. हाताने शिवलेली. लांबी सहा फूट, रुंदी चार.’

“एवढंच?”

“एवढंच. जुन्या सुतीच्या वेगळ्या काढ. पण शंभर टक्के तिथेही लिहू नकोस. माझ्याकडे कागद नाही.”

सोमवारी मजकूर मंजूर झाला. खातं राहिलं. जानकीचं नाव वर आहे, खाली अकरा माणसांचे शब्द आहेत. नाशिकच्या बाईने गोधडी घेतली ती दिवाळीत, म्हणजे नव्या बीमनंतर. तिच्याशिवाय आणखी चौघांनी नंतर घेतलेल्या आहेत. विकून झालेल्या मालाचा जुना मजकूर बदलता येत नाही. त्यावर अजून शंभर टक्के सुतीच लिहिलेलं आहे.

क्षितिजाने पाचही जणांचे पत्ते काढून दिले आहेत. मी त्यांना अजून कळवलेलं नाही.