वर परत जायची ओळ

मुख्यपान › लालबाग › गाळा क्रमांक ३०८ › दर्शना

गिरगावातल्या एका मंडळाची वेबसाइट. पानं दोनशे चौदा. मंडळाचा हॉल, वाचनालय, व्यायामशाळा, गणपतीचे जुने अहवाल, सगळं तिच्यात कोंबलेलं. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर एखाद्या आतल्या पानाची लिंक पाठवायचं, माणूस थेट तिथे जाऊन पडायचा, आणि मग त्याला कळायचं नाही की आपण आहोत कुठे. मागे जायचं बटण दाबलं की परत व्हॉट्सअॅप. मग तो मंडळाच्या ऑफिसात फोन लावायचा.

"दिवसाला चाळीस फोन," सेक्रेटरी जयवंत सामंत म्हणाले होते. "ऑफिसातला आमचा राजाराम वेडा व्हायचा बाकी आहे. त्या मोठ्या साइट्सना असते ना वरती एक ओळ? इथून तिथे, तिथून इथे? तशी टाका."

काम आलं दर्शना गमरेकडे. लालबागच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या या गाळ्यात हितेंद्रची चार माणसांची कंपनी होती, आणि मंडळाचं काम आलं की दर्शना ते स्वतःहून ओढून घ्यायची. कारण घरचं होतं. चौदा डिसेंबरला, रविवारी, तिच्या भावाचं, विकासचं, लग्न त्याच हॉलमध्ये होतं. आईचं, मीराबाईंचं, करी रोडच्या अख्ख्या चाळीला सांगून झालं होतं. गिरगावात हॉल घेतलाय, एसी आहे, लिफ्ट आहे. पंधरा तारखेलाही हॉल हवा होता, रिसेप्शनला, पण ती तारीख 'भरलेली' होती. असो म्हणाल्या. एक दिवस तर एक दिवस.

काम तसं सरळ. साइटवरच्या प्रत्येक पानाला एक वरचं पान असतं. त्याला त्याच्या वरचं. दर्शनाने लिहिलेला कोड हातातल्या पानापासून सुरुवात करायचा, वर, आणखी वर, वर काहीच उरत नाही तिथपर्यंत चढायचा, मग सापडलेली नावं उलटी करून ओळीने मांडायचा. प्रत्येक नाव म्हणजे लिंक. शेवटचं मात्र नाही, कारण तिथे तुम्ही उभेच आहात, तिथे जायचंय कशाला. हे एकदा साच्यात टाकलं की दोनशे चौदा पानांच्या डोक्यावर आपोआप ओळ उमटते.

उमटली.

मुख्यपान › वाचनालय › दिवाळी अंक

मुख्यपान › सभागृह › बुकिंग › साखरपुडा

मुख्यपान › सभागृह › बुकिंग › मुंज

दर्शना एकेक पान उघडून बघत होती. चहा आला. बरोबर चाललंय म्हणताना तिने विकासच्या लग्नाचा फॉर्म ज्या पानावर भरला होता ते उघडलं. उगीच. आपल्या पानावर कसं दिसतं ते बघायला.

मुख्यपान › सभागृह › बुकिंग › धुवून घेणे › बौद्ध मंगल परिणय

तिने पान पुन्हा लोड केलं.

तीच ओळ. निळ्या रंगात, खाली रेघ, तिनेच दिलेला रंग, तिनेच दिलेली रेघ.

आधी वाटलं, कोडची चूक. वॉशिंगचं कुठलं तरी पान, व्यायामशाळेच्या टॉवेलांचं वगैरे, मध्ये घुसलं असेल. तिने त्या नावावर क्लिक केलं. पान उघडलं. मेनूत कुठे नसलेलं पान. कोड चुकला नव्हता. कोडने जिना होता तसा दाखवला होता.

पानावर तीन ओळी:

*या विभागातील कार्यक्रमांनंतर दुसऱ्या दिवसाची तारीख देऊ नये.*

*हॉल व स्टेज धुवून घेणे. गोमूत्र शिंपडणे.*

*भांडी वेगळी.*

आणि खाली त्या विभागातली पानं: बौद्ध मंगल परिणय. जयंती कार्यक्रम (एप्रिल). शोकसभा.

दर्शनाच्या तोंडात चहा होता. तो गिळवेना. ती उठून बेसिनपाशी गेली, थुंकली, नळ सोडला, आणि पाणी जाताना बघत राहिली. आईने हॉल बघायला गेल्यावर चपला दाराबाहेर काढल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. किती चकचकीत फरशी आहे गं, म्हणाली होती.

मुख्यपान › सभागृह › ऑफिस › राजाराम

"राजारामभाऊ, बुकिंगखाली एक विभाग आहे. तुम्ही केलाय?"

"कुठला म्हणता?"

तिने नाव घेतलं.

"हां हां, तो," फोनवर राजाराम मोकळेपणाने बोलला, जसा काही कपाटातल्या एखाद्या कप्प्याबद्दल सांगतोय. "मीच केलाय मॅडम. आधी वहीत लिहायचो, मग विसरायला व्हायचं. आधीच्या डेव्हलपरने सांगितलं, एक पान करा आणि त्याच्याखाली हे कार्यक्रम ठेवा, मग कॅलेंडर दुसऱ्या दिवशीची तारीख आपोआप बंद करतं. लय भारी काम केलंय त्याने. तेव्हापासून एक चूक नाही."

"पान पब्लिश केलंत तुम्ही ते."

"मेनूत नाही ना पण? मेनूत नाही टाकलेलं. कोणाला दिसणार?"

कोणाला दिसणार. दर्शनाला शिव्या येत होत्या, पण राजारामला काय द्यायच्या? तो बिचारा, नाही, बिचारा कसला. तिला तो शब्दसुद्धा त्याच्यावर खर्च करवेना.

"पंधरा डिसेंबर बंद आहे ती त्याच्यामुळेच?"

"पंधरा... थांबा हं... हो, चौदाला एक लग्न आहे. गमरे पार्टी." मग आवाज उतरला. "मॅडम, तुमचं आडनाव..."

तिने फोन ठेवला.

मुख्यपान › सभागृह › बुकिंग › बौद्ध मंगल परिणय

हे तिने केलं. एकेक पान उघडून त्याचं वरचं पान बदललं आणि तिन्ही सरळ 'बुकिंग'खाली आणली, मुंज आणि साखरपुड्याच्या शेजारी. ओळ स्वच्छ झाली. आणि कॅलेंडर कार्यक्रमाचं पान कुठल्या विभागाखाली आहे तेच बघत असल्यामुळे, पंधरा डिसेंबर तिच्या डोळ्यांदेखत राखाडीचा हिरवा झाला.

चाळीस मिनिटांत पंधरा तारीख कोणीतरी घेतली. मुंजीसाठी.

पन्नासाव्या मिनिटाला सामंतांचा फोन हितेंद्रच्या मोबाइलवर. हितेंद्रने तो स्पीकरवर टाकला.

"हितेंद्र, ती पंधरा तारीख उघडली कशी?"

"काका, मी टाकली ना ती वरची ओळ," दर्शना म्हणाली. "तिच्यात एक विभाग दिसत होता. तो काढला."

"ओळ टाकायला सांगितली होती, पोरी. विभाग हलवायला कोणी सांगितलं?"

"मग लोकांना दिसू दे म्हणता?"

"दिसू दे कोण म्हणतंय! ओळीतनं तेवढं नाव काढ ना. एक शब्द. बाकी होतं तिथे राहू दे."

"मधलीच पायरी काढायची."

"हां. किंवा नाव बदल. 'विशेष कार्यक्रम' कर. छान वाटतं."

हितेंद्र मान हलवत होता. *कर, कर.*

"काका, पंधराला मुंज घेतलीय कोणीतरी. चौदाला लग्न आहे. मुंजीला काय अडचण येणार आहे, सांगता?"



"स्वच्छतेचा प्रश्न आहे. मांसाहारी जेवणं होतात, वास राहतो."

"शोकसभेला कोण जेवतं?"

"हे बघ, मी काही जुन्या विचारांचा नाही. वर्षानुवर्षं पद्धत आहे, मेंबर विचारतात, उत्तरं मला द्यावी लागतात." मग आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणा दर्शनाच्या अंगावर पालीसारखा पडला. "राजारामने सांगितलं मला. तुमच्या घरचंच लग्न आहे. अगं मग आधी बोलायचं! तुमच्यासाठी नाही करणार आपण तसलं काही. तुम्ही घरचीच माणसं. मी स्वतः राजारामला सांगतो, चौदाचं लग्न झालं की नुसता झाडू मारायचा."

नुसता झाडू.

हितेंद्रने हात जोडल्यासारखे केले. बघ, प्रश्न मिटला.

"हे मेलवर लिहून पाठवता?" दर्शना म्हणाली. "म्हणजे तशी सेटिंग करायला बरं."

सामंतांनी मेल पाठवला नाही. फोन कापला.

"तू बाजूला हो, मी करतो," हितेंद्र म्हणाला. "अगं मलाही आवडत नाही हे. पण आपण काय मंडळ चालवतो का? आपण साइट चालवतो." त्याने कालचा बॅकअप चढवला, त्याच्यावर तिची ओळ पुन्हा टाकली, आणि विभागाचं नाव बदललं. मुंजवाल्यांना राजाराम फोन करेल, तांत्रिक अडचण म्हणून.

मुख्यपान › सभागृह › बुकिंग › विशेष कार्यक्रम › बौद्ध मंगल परिणय

दर्शनाने त्या 'विशेष'वर क्लिक करून बघितलं. खालच्या तीन ओळी बदलायच्या राहिल्या होत्या. हितेंद्रने फक्त शीर्षक बदललं होतं.

तिने सांगितलं नाही त्याला. बॅग उचलली.

करी रोड › दुसरा माळा › स्वयंपाकघर

मीराबाई पापलेट साफ करत होत्या. दर्शनाने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांना आधी कळलं नाही, मग चष्मा मागितला, हात ओले म्हणून तो दर्शनानेच घातला. मीराबाईंनी तीन ओळी वाचल्या. मग वरची ओळ वाचली. मग पुन्हा तीन ओळी.

"गोमूत्र म्हंजे गाईचंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्या पाठीमागं."

"हो. पण सामंत म्हणतायत तुमच्यासाठी नाही करणार. आपण घरचे."

मीराबाईंनी मासा पातेल्यात टाकला. हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, सावकाश.

"विकासला मी सांगते. तू रद्द कर."

"आई, पत्रिका छापायला..."

"त्या फरशीवर मी माझ्या सुनेला उभी करणार नाय. कर."

रद्द करायचा फॉर्म साइटवरच होता. दर्शनाने बुकिंग नंबर टाकला, तारीख टाकली. खाली एक चौकोन: *कारण*. त्याच्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

"काय लिहू?"

"काय इचारतायत?"

"कारण विचारतायत."

मीराबाईंनी पातेल्याकडे बघत विचार केला.

"लिव, हॉल घाणेरडा आहे."

दर्शनाने लिहिलं. पाठवलं. राजारामच्या ऑफिसात तो मेल जाऊन पडला असेल, आणि त्याने तो कुठल्या विभागाखाली ठेवला असेल कोण जाणे.

मग दोघी दुसरा हॉल शोधायला बसल्या. दादरचा एक सापडला. फोटोत झुंबरं, गाद्यांच्या खुर्च्या. दर्शना दर बघायला खाली सरकवू लागली तर मीराबाईंनी तिचा हात धरला.

"खालचं नको. वर काय लिवलंय ते उघड आधी. एकेक."