उरलेले दोन पर्याय

वहिनी छापखान्यात प्रुफं तपासायची. चौदा वर्षं तिनं हेच काम केलं होतं. लग्नपत्रिकांपासून कायद्याच्या पुस्तकांपर्यंत सगळं तिच्या लाल पेनाखालून जाई, आणि छापखान्यात म्हणत की हिच्या नजरेतून वेलांटीसुद्धा सुटत नाही. तरीही सरकारी कचेरीतल्या लिपिकपदाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा तिला व्याकरणानंच पाडलं होतं.

तिची नणंद औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राही. वय चोवीस. घरात तिला ठमी म्हणत. तिनं ही परीक्षा एकदाच दिली होती आणि तीही नापास झाली होती, पण तिचं दुःख दोन दिवसांच्या वर टिकलं नव्हतं. वहिनीचं टिकलं. वयोमर्यादेत बसणारी आता एकच परीक्षा उरली होती.

बस चालवणारा ठमीचा भाऊ एका रविवारी सकाळी ड्यूटीवर गेला, तेव्हा ठमीनं जेवायच्या टेबलावर दोघींच्या गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकांच्या कार्बन प्रती मांडल्या. प्रश्न शंभर, वेळ दीड तास. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्याला अर्धा गुण वजा, सोडलेल्याला शून्य.

"वहिनी, तू एकोणीस प्रश्न सोडलेस," ठमी म्हणाली. "का गं?"

"येत नव्हते."

"येत नव्हते? मग हे काय आहे?" तिनं प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवलं. सोडलेल्या एकोणिसापैकी चौदा प्रश्नांत वहिनीनं पेन्सिलीनं दोन पर्याय खोडले होते आणि उरलेल्या दोघांसमोर बारीक टिंब दिलं होतं. "दोन उडवलेस. दोन ठेवलेस. आणि पुढे निघून गेलीस."

"खात्री नव्हती. खात्री नसताना सही करायची नसते. आमच्याकडे शंका असली की प्रूफ लेखकाकडे परत जातं."

"इथे लेखक कुठाय? इथे मशीन आहे." ठमीनं उत्तरतालिका जुळवायला घेतली. चौदापैकी तेरा ठिकाणी बरोबर उत्तर त्या उरलेल्या दोघांतच होतं. "डोळे मिटून बोट ठेवलं असतंस तरी निम्मे लागले असते. सात बरोबर, सात चूक धर. सातातून साडेतीन गेले, साडेतीन उरले. तू किती गुणांनी पडलीस?"

वहिनीला आकडा पाठ होता. साडेचौसष्ट मिळाले होते आणि कटऑफ सहासष्टचा होता. दीड गुणानं गेली होती.

"आणि एकेकाला किती वेळ घातलास?"

"चार मिनिटं. काहींना पाच."

"म्हणजे वेळही गेला नि गुणही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं," ठमी म्हणाली आणि हसली. वहिनी हसली नाही. तिनं ठमीची प्रत पुढे ओढली.

ठमीनं शंभरच्या शंभर सोडवले होते. सदुसष्ट बरोबर, तेहतीस चूक, हातात साडेपन्नास. वहिनीनं लाल पेन काढलं आणि एकेका प्रश्नावर विचारत गेली, हा कशावरून केलास? पंचवीस ठिकाणी ठमीचं उत्तर एकच होतं, असाच.

"या पंचवीसांत सहा लागले, एकोणीस गेले," वहिनी म्हणाली. "सहातून साडेनऊ वजा. साडेतीन गुण तू स्वतःच्या हातानं फेकलेस. चारातला एकही उडवता येत नसेल तर तो प्रश्न आपला नाही. सोडायचा."

"आणि एकच उडाला, तीन उरले तर?"

वहिनीनं समासात आकडे मांडले. तीन वेळा केलं तर एकदा लागेल, दोनदा चुकेल. एकातून दोन अर्धे गेले. "शून्य. ना नफा ना तोटा. वेळ असला तर बघायचं, नाहीतर सोडायचं. दोन उरले की मात्र ठेवायचा नाही."

हे शेवटचं वाक्य आपणच बोललो याचं तिला नवल वाटलं असावं, कारण तिनं पेन खाली ठेवलं.

त्यानंतरचे सात महिने दोघी सकाळी तासभर बसत. वेळेचा हिशेब ठमी ठेवायची, व्याकरण वहिनीकडून यायचं. दोन पर्याय सारखेच खरे वाटले की ठमी दोन्ही परत परत वाचत बसे, जणू वाचून वाचून त्यातला एक शरमेनं माघार घेईल.

"पर्यायांकडे बघू नकोस, वाक्याला हलवून बघ," वहिनी म्हणे.

एकदा प्रश्न होता, 'तू मला पुस्तक दिलेस', प्रयोग ओळखा. भावे ठमीनं लगेच उडवला आणि 'तू'ला प्रत्यय नाही म्हणून कर्तरीवर रेंगाळून तोही उडवला. उरले कर्मणी आणि कर्तृ-कर्म संकर.

"कर्म बदल," वहिनी म्हणाली.

"तू मला वही दिलीस. क्रियापद बदललं. म्हणजे कर्मणी!"

"थांब. इथेच सगळे घसरतात. आता कर्ता बदल."

"त्याने मला पुस्तक दिले." ठमी थबकली. "दिलेसचं दिले झालं. कर्त्याबरोबरही बदललं."

"दोघांच्या तालावर नाचतंय ना? मग संकर. कर्मणी अर्धं खरं होतं. परीक्षेत अर्ध्या खऱ्यालाच सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं."

'ती मागे उभी होती' आणि 'ती दारामागे उभी होती' यांतलं 'मागे' ठमीनं तीन आठवडे उलटसुलट केलं. मग एके दिवशी तीच म्हणाली, "नामाला चिकटलं, नामानं रूप बदललं, 'दार'चं 'दारा' झालं की शब्दयोगी. मोकळं फिरतंय तर क्रियाविशेषण." वहिनीनं मान हलवली. तिच्या शाबासक्या एवढ्याच असत.

वहिनीची दुखणी वेगळी होती. दोन पर्याय उरले की तिला दोन्हींच्या बाजूनं बोलता येई. ठमी घड्याळ लावून बसे आणि मिनिट झालं की टेबलावर चापट मारी. पहिला महिनाभर वहिनी त्या चापटीवर चिडायची. "अगं, विचार तरी करू दे!" नंतर चापटीच्या आधीच गोळा काळा करू लागली. चुकली की दिवसभर तोंड पाडून असे, पण करू लागली.

परीक्षेला दोघींना केंद्र एकच आलं, वर्ग वेगळे. लांबलचक बाकांची शाळा होती, फळ्यावर वेळ खडूनं लिहिली होती. एकेचाळिसावा प्रश्न होता, 'आईला जुने गाणे आवडते.' या वाक्यातील कर्ता ओळखा. पर्याय आई, जुने, गाणे, आवडते.

'जुने' विशेषण आणि 'आवडते' क्रियापद म्हणून दोन्ही लगेच गेले. उरलेल्या दोघांपाशी वहिनी थांबली. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे क्रियापद गाण्याप्रमाणे चालतं, 'गाणी आवडतात' होतं, म्हणून गाणे कर्ता. नव्या अभ्यासकांच्या पुस्तकांत आवड अनुभवणारी आई कर्ता. तिनं दोन्ही पुस्तकांची प्रुफं तपासली होती. वाक्य कितीही हलवलं तरी इथे निकाल लागणार नव्हता, कारण इथे दोघंही खरे होते. पूर्वी ती इथे पाच मिनिटं थांबली असती आणि मग सोडून गेली असती. आता तिनं गाणे काळं केलं आणि पुढे गेली.

शेवटी अकरा मिनिटं राहिली आणि सात प्रश्न कोरे होते. सातही परत वाचले. एकातलाही एकही पर्याय तिला उडवता येईना. पेन हातात असताना कोरे गोळे बघत बसणं तिला जड गेलं, पण ते तिनं कोरेच ठेवले. शेजारच्या बाकावरची मुलगी शेवटच्या मिनिटात धडाधड गोळे भरत होती.

तीन आठवड्यांनी प्राथमिक उत्तरतालिका आली. एकेचाळिसाव्याचं उत्तर होतं आई.

वहिनीचे शहात्तर बरोबर, सतरा चूक, साडेसदुसष्ट. ठमीनं सोळा प्रश्न सोडले होते. बहात्तर बरोबर, बारा चूक, सहासष्ट. एकेचाळिसाव्याला तिनं आई केलं होतं.

"हे उत्तर धड नाही," वहिनी म्हणाली. "दोन्ही बरोबर आहेत."

"मग हरकत घे. आठवडा आहे."

वहिनीनं त्या रात्रीच मजकूर लिहिला, दोन्ही पुस्तकांची पानं नोंदवली, आणि तो टेबलाच्या खणात ठेवून दिला. चौथ्या दिवशी ठमीला तो खणात सापडला.

"पाठवला का नाहीस?"

"माझं होईल त्याशिवाय."

"पेपर सोपा होता. दुकानात येणारे सगळे म्हणताहेत, कटऑफ वर जाणार. अर्ध्यावर लटकशील."

"आणि त्यांनी प्रश्नच रद्द केला तर? तुझा एक गुण जाईल. सहासष्टचे पासष्ट होतील."

ठमी खुर्चीत बसली. बराच वेळ तिनं कागद उलटासुलटा केला. "मला उत्तर येत होतं म्हणून तो गुण मिळाला नाही," ती शेवटी म्हणाली. "दोन उरले, मिनिट संपत आलं, वरचा काळा केला. तुझंही तेच. माझं लागलं."

"लागलं ना. मग राहू दे."

"वहिनी, हे पुस्तक असतं तर तू असं सोडलं असतंस?"

वहिनीनं कागद घेतला, 'प्रश्न रद्द करावा' हे शेवटचं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'सबब दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत.' म्हणजे कुणाचंच नुकसान नको. शेवटच्या दिवशी दुपारी तिनं हरकत पाठवली.

अंतिम तालिकेत एकेचाळिसावा प्रश्न रद्द झाला होता. वहिनीचा वजा झालेला अर्धा गुण परत आला, अडुसष्ट झाले. ठमीचा एक गुण गेला, पासष्ट झाले. पंधरा दिवसांनी निकाल लागला. कटऑफ अडुसष्टचा होता.

"सहासष्ट असते तरी मी बाहेरच," ठमी म्हणाली. तिनं हे तीन वेळा म्हटलं. त्या आठवड्यात ती दुकानातून उशिरा येई आणि जेवून लगेच झोपे. छापखान्यातल्या लोकांनी वहिनीला निरोप देताना पेनांचा एक डबा दिला, सगळी लाल.

नोकरीवर रुजू होऊन महिना झाला असेल. एका सकाळी वहिनी डबा भरत असताना ठमी नवी प्रश्नपत्रिका घेऊन आली आणि ओट्यापाशी उभी राहिली.

"'पोपट छान बोलतो.' यात 'छान' विशेषण की क्रियाविशेषण? दोन उडवलेत."

"छान कोण आहे, पोपट की बोलणं?"

"बोलणं."

"मग मला कशाला विचारतेस?" वहिनी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. बस सुटायला दहा मिनिटं होती. तरी ती खुर्ची ओढून बसली. "पुढचा वाच."